धडधड, बेशुद्धी आणि तीन ओळींची चिठ्ठी

वाचकाचे पत्र

मी फॅमिली डॉक्टर आहे. २९ वर्षांची एक पेशंट काल आली. बाळंतपणाला चार महिने झालेत. महिन्याभरात दोनदा असं झालं की पहाटे मोबाइलचा गजर वाजला, ती दचकून जागी झाली, छातीत जोरात धडधडलं आणि शुद्ध हरपली. दुसऱ्या वेळी हातपायही झटकले असं नवरा सांगतो. नाडी, बीपी ठीक आहे. ईसीजीवर मशीनने ‘नॉनस्पेसिफिक टी वेव्ह चेंजेस’ एवढंच छापलंय. चालू औषधं काही नाहीत. मी कार्डिओलॉजिस्टना चिठ्ठी दिली: ‘धडधड आणि एकदोनदा चक्कर येऊन पडणे. बाळंतपणानंतरची चिंता? कृपया तपासून मार्गदर्शन करावे.’ त्यांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आहे. चिठ्ठी पुरेशी आहे का, की आणखी काही लिहायला हवं?

उत्तर

डॉक्टर, चिठ्ठीचं नंतर पाहू. आधी पेशंटला आजच परत बोलवा आणि तो ईसीजी पुन्हा हातात घ्या. झोपेत असताना अचानक आवाज, दचकून जाग, लगेच धडधड आणि लगेच बेशुद्धी, हा क्रम लाँग क्यूटी सिंड्रोमच्या दुसऱ्या प्रकारात (एलक्यूटी-२) अगदी ओळखीचा आहे. या प्रकारात बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने विशेष धोक्याचे असतात. शिवाय मशीनने ज्याला ‘नॉनस्पेसिफिक’ म्हटलंय, तो टी लाटेतला बदल याच आजाराची खूण असू शकतो. निदान दुसरंच निघेलही; पण ते तीन आठवडे वाट पाहून निघू नये.

धोका कुठे आहे ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर येतात, तेव्हा पोटॅशियम पेशीबाहेर जाण्याचा मार्ग नीट उघडावा लागतो. एलक्यूटी-२ मध्ये तो मार्ग जन्मतः कमजोर असतो, म्हणून पूर्वपदावर यायला वेळ लागतो आणि ईसीजीवर क्यूटी लांबतो. अशा हृदयावर अॅड्रेनलिनचा अचानक झोत आला, की टोर्साड नावाची वेगवान अतालता सुरू होऊ शकते. त्या वेळात मेंदूला रक्त जवळजवळ मिळत नाही, म्हणून शुद्ध जाते. बहुतेक वेळा ही अतालता काही सेकंदांत आपोआप थांबते आणि पेशंट उठून बसतो. तुमच्याकडे येईपर्यंत नाडी आणि बीपी ठीक असणार, यात नवल काही नाही. ती दोन्ही ठीक असल्यामुळे धोका टळला असं मात्र समजू नका, कारण एखाद्या वेळी ती अतालता थांबत नाही.

ईसीजी स्वतः मोजा

मशीनने छापलेल्या आकड्यावर इथे विसंबू नका. टी लाट बसकी किंवा दोन उंचवट्यांची असली, की मशीन पहिल्या उंचवट्यालाच टीचा शेवट समजू शकतं आणि क्यूटी प्रत्यक्षापेक्षा आखूड छापलं जातं. एलक्यूटी-२ मध्ये टी नेमकी तशीच असते.

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना, ते आधी पाहा. असेल तर एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा. लीड २ किंवा व्ही५ घ्या. क्यूआरएस जिथे सुरू होतो तिथे पेन्सिलने खूण करा. मग टी लाट शेवटी खाली उतरते त्या उताराच्या सर्वांत तीव्र भागाला पट्टी लावून रेघ ओढा. ही रेघ आधाररेषेला जिथे छेदते तो टीचा शेवट धरायचा. टीला दोन उंचवटे असतील तर दुसऱ्याचा उतार घ्या. टी पूर्ण खाली येऊन आधाररेषेला टेकल्यानंतर वेगळी, चिमुकली यू लाट दिसत असेल तर ती मोजणीत धरू नका.

समजा, खुणांमध्ये साडेअकरा लहान चौकोन भरले. म्हणजे क्यूटी ०.४६ सेकंद, अर्थात ४६० मिलिसेकंद. त्याच्या आधीचं आर-आर अंतर २० चौकोन, म्हणजे ०.८० सेकंद, नाडी ७५. बॅझेटच्या सूत्राने क्यूटीला आर-आरच्या वर्गमुळाने भागायचं. ०.८० चं वर्गमूळ ०.८९४. ४६० भागिले ०.८९४ म्हणजे सुमारे ५१४. हा क्यूटीसी. त्याच पट्टीवर मशीनने पहिल्या उंचवट्यापाशी थांबून क्यूटी ३९२ धरला, तर तिचा क्यूटीसी ४३८ येतो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. पेशंट तीच, पट्टी तीच, आणि निष्कर्ष उलटा.

एवढा हिशोब करायच्या आधीही एका नजरेत अंदाज येतो. नाडी साधारण ६० ते ९० च्या दरम्यान असेल आणि टीचा शेवट दोन आर लाटांच्या मधोमध असलेल्या बिंदूच्या पुढे जात असेल, तर क्यूटी लांबलाय असं समजून पट्टी हातात घ्यायची. नाडी ९० च्या वर असेल तर बॅझेटचं सूत्र आकडा फुगवून दाखवतं. तेव्हा पेशंटला दहा मिनिटं शांत पडू द्या आणि ईसीजी पुन्हा काढा.

प्रौढ स्त्रीत क्यूटीसी ४६० च्या वर गेला की लांबलेला मानतात. बेशुद्धी झालेल्या पेशंटमध्ये ४८० किंवा त्याहून जास्त असेल तर शंका बळकट होते. आणि ५०० च्या वर असेल तर चिठ्ठी देऊन वेळ घ्यायला सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. फोन उचलायचा आणि पेशंटला मॉनिटर असलेल्या ठिकाणी आजच पाठवायचं.

‘चालू औषधं काही नाहीत’ हे उत्तर मान्य करू नका

पेशंट औषध म्हणजे रोजची बीपी-शुगरची गोळी असं धरून चालते. तुम्ही विचारायचं ते असं: ‘या महिन्यात तोंडात गेलेली प्रत्येक गोळी सांगा, कुणीही दिलेली, एकदाच घेतलेली असली तरी.’ शक्य असेल तर घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून आणायला सांगा.

बाळंतिणीच्या बाबतीत काही गोळ्या नाव घेऊनच विचाराव्या लागतात. दूध वाढावं म्हणून दिलेलं डॉमपेरिडोन. घशासाठी अझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन. बुरशीच्या संसर्गासाठी फ्लुकोनॅझोल. उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम. ही सगळी क्यूटी लांबवतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल तर यकृतात डॉमपेरिडोनचा निचराही अडवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका वाढतो. अझिथ्रोमायसिन शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस शरीरात राहतं, म्हणून ‘कोर्स संपला’ म्हणून ते यादीतून वगळायचं नाही. जुलाब किंवा उलट्या झाल्या होत्या का हेही विचारा. पोटॅशियम उतरलं की हाच परिणाम वाढतो.

प्रत्येक गोळीपुढे सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख लिहा आणि बेशुद्धीच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. पहिली घटना गोळीच्या आधीची निघाली, तर एकट्या गोळीला दोष देऊन भागणार नाही. दोन्ही घटना गोळी चालू असतानाच्या निघाल्या, तरी जन्मजात दोष नाही असं ठरत नाही. लपून राहिलेला दोष पुष्कळदा औषधामुळेच उघडा पडतो. त्यामुळे चिठ्ठीत ‘औषधामुळे क्यूटी लांबला’ असा निकाल देऊ नका. नाव, डोस, तारखा द्या आणि निष्कर्ष कार्डिओलॉजिस्टवर सोपवा. अशी गोळी चालू असेल तर ती मात्र आजच बंद करा. मानसिक आजारावरचं औषध असेल तर देणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून बंद करा.

नवऱ्याला फोन लावा

चिठ्ठीतला सगळ्यात मोलाचा मजकूर पेशंटकडे नसतोच, कारण त्या वेळी ती बेशुद्ध होती. तो पाहणाऱ्याकडे असतो. ‘काय झालं ते सांगा’ असं मोघम विचारलं तर ‘फिट आली, खूप वेळ पडून होती’ असं उत्तर येतं. त्याऐवजी घटनेचे तीन तुकडे करून विचारा.

पडण्याआधी: आवाज झाला आणि ती पडली, यामध्ये किती वेळ गेला? ती काही बोलली का? उठून उभी राहिली होती की अंथरुणातच होती? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. साधी भोवळ बहुतेकदा उभं असताना येते, आधी मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं असताना किंवा धडधड सुरू होताच शुद्ध जाणं ही हृदयाकडे बोट दाखवणारी खूण आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१८ च्या सिन्कोप मार्गदर्शिकेत श्रमाच्या वेळी किंवा आडवं असताना आलेली बेशुद्धी आणि अचानक धडधड होऊन लगेच आलेली बेशुद्धी या दोन्ही जास्त धोक्याच्या खुणांत धरल्या आहेत.

बेशुद्ध असताना: चेहरा पांढराफटक होता की निळसर? श्वास कसा चालला होता? हातपाय झटकले तर किती वेळा? नवऱ्याला त्या हालचाली करून दाखवायला सांगा. शब्दांपेक्षा नक्कल जास्त खरी असते. रक्तपुरवठा तुटल्याने येणारे झटके थोडे असतात, साधारण दहाच्या आत, अनियमित असतात आणि शुद्ध गेल्यावर काही क्षणांनी सुरू होतात. अपस्मारातले झटके पुष्कळ, एका तालातले आणि जास्त वेळ चालणारे. वेळेचा अंदाज मात्र घाबरलेल्या माणसाकडून घेऊ नका. ‘पाच मिनिटं’ म्हणाला तर ‘त्या वेळात तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारा. दिवा लावला, पाणी आणलं, तोवर तिने डोळे उघडले होते, असं निघालं की पाच मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर येतं.

शुद्धीवर आल्यावर: किती वेळात ती नीट बोलली, कुठे आहे हे तिला कळत होतं का, जिभेच्या कडेला चावा होता का, अंग दुखत होतं का. लगेच भानावर येणं हृदयाच्या बाजूने झुकतं, पाव तासाचा गोंधळ आणि जिभेच्या कडेचा चावा अपस्माराच्या बाजूने. कपडे ओले होणं दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरवू नका.

हे इतकं बारकाईने विचारायचं कारण असं, की लाँग क्यूटीचे पेशंट फिटचे म्हणून वर्षानुवर्षं चुकीच्या औषधावर राहतात. तुमच्या चिठ्ठीत ‘हातपाय झटकले’ एवढंच गेलं, तर पेशंट पहिल्यांदा न्यूरोलॉजीच्या दारात जाऊन बसेल.

घराण्याबद्दलही ‘घरात कुणाला हृदयविकार आहे का?’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. सासरच्या आजोबांची अँजिओप्लास्टी निघते. विचारा: रक्ताच्या नात्यात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का? पोहता येत असूनही कुणी बुडालं का? झोपेत कुणी गेलं का? तान्हं मूल कारण न कळता गेलं का? कुणाला फिट येत होत्या? मावशीची ‘मिरगी’ हा धागा इथे निदानाचा असू शकतो.

तपासणी आणि रक्त

इथे फार काही लागत नाही, पण चार महिन्यांची बाळंतीण आहे म्हणून काही गोष्टी मुद्दाम नाकाराव्या लागतात. प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार होऊ शकतो, तेव्हा आडवं पडल्यावर दम लागतो का, पावलांना सूज आहे का, मानेच्या शिरा फुगल्यात का, फुप्फुसांच्या तळाशी आवाज आहेत का, हे पाहून लिहा. याच काळात थायरॉइडची दाहजन्य उसळीही येते आणि धडधड करते. छातीत कळ, एका पायाला सूज, ऑक्सिजन कमी, असं असेल तर फुप्फुसातली गुठळी मनात आणा. हृदयाचा मर्मर आडवं आणि उभं करून ऐका. उभं राहिल्यावर वाढणारा मर्मर स्नायू जाड झालेल्या हृदयाचा असू शकतो.

बीपी पाच मिनिटं आडवं ठेवून घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो खरा उतार. रक्तात हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, टीएसएच आणि साखर पुरे. रिपोर्ट यायचा म्हणून पेशंटला थांबवून ठेवू नका. ‘रक्त पाठवलंय, निकाल फोनवर कळवतो’ असं लिहून पाठवा.

आता चिठ्ठी

खालचे आकडे आणि उत्तरं नमुन्यादाखल भरली आहेत. तुमच्या मोजणीत आणि चौकशीत जे निघेल ते त्या जागी घाला.

> तातडीचे: आजच पाहावे. फोनवर आपल्याशी बोलणे झाले आहे.
>
> स्त्री, २९ वर्षे, प्रसूतीनंतर चौथा महिना, अंगावर पाजते.
>
> शंका आणि विनंती: लाँग क्यूटी सिंड्रोम (एलक्यूटी-२?) आणि त्यामुळे अतालताजन्य बेशुद्धी. मॉनिटरवर दाखल करून निदान आणि उपचार ठरवावेत.
>
> घटना: दोन. ३ तारखेला आणि २६ तारखेला, दोन्ही पहाटे ५:३० ला, झोपेत मोबाइलचा गजर वाजल्यावर. दचकून जाग, २ ते ३ सेकंदांत जोरात धडधड, अंथरुणात असतानाच शुद्ध गेली. मळमळ, घाम, अंधारी नाही. पतीने पाहिले: चेहरा पांढरा, दुसऱ्या वेळी दोन्ही हातांना ४ ते ५ अनियमित झटके, एकूण अंदाजे ३० सेकंद. लगेच भानावर. जिभेला चावा नाही. या दोन घटनांखेरीज धडधड नाही. पूर्वी कधी बेशुद्धी नाही.
>
> औषधे: डॉमपेरिडोन १० मिग्रॅ दिवसातून तीनदा, १ तारखेपासून, आज बंद केले. अझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ रोज, २३ ते २५ तारीख. २४ तारखेला दिवसभर जुलाब.
>
> कुटुंब: मावशीला ‘फिट’ येत, ३१ व्या वर्षी झोपेत मृत्यू, कारण निश्चित झाले नाही. आईचा ईसीजी कधी काढलेला नाही.
>
> तपासणी: नाडी ७६ नियमित. बीपी आडवे ११०/७०, उभे १ मिनिटाने १०६/७०, ३ मिनिटांनी १०८/७२. मर्मर नाही, आडवे असताना दम नाही, पायांना सूज नाही. ऑक्सिजन ९८ टक्के.
>
> ईसीजी (सोबत मूळ पट्टी): सायनस, ७५. लीड २ मध्ये हाताने मोजलेला क्यूटी ४६०, क्यूटीसी ५१४ (बॅझेट). मशीनचा क्यूटीसी ४३८. व्ही२ ते व्ही५ मध्ये टी बसकी, दोन उंचवट्यांची. डेल्टा लाट नाही, पीआर ०.१६.
>
> रक्त: पोटॅशियम ३.३, हिमोग्लोबिन ११.२, साखर ९२. मॅग्नेशियम, कॅल्शियम, टीएसएच यायचे आहेत, आज सायंकाळी कळवतो.
>
> अॅलर्जी, दमा: नाही.
>
> माझा थेट फोन क्रमांक: …

वाचणाऱ्याला पहिल्या तीन ओळींत किती घाई आहे, कशाची शंका आहे आणि आपल्याकडून काय हवंय हे कळलं पाहिजे. चिठ्ठी बरेचदा आधी रिसेप्शनवर उघडली जाते आणि वेळ तिथेच ठरते. तुमच्या मूळ चिठ्ठीतलं ‘चिंता?’ तिथे वाचलं गेलं आणि तीन आठवडे मिळाले. चिंतेची शंका लिहायची मनाई नाही, पण बेशुद्धीचं हृदयाचं कारण बाजूला पडल्याशिवाय ती लिहू नये. एकदा कागदावर आली की पुढचा प्रत्येक जण तिच्याच चष्म्यातून पाहतो. ‘चक्कर येऊन पडणे’ हेही काढा. शुद्ध पूर्ण गेली होती की नाही, एवढं स्पष्ट लिहा.

‘नाही’च्या नोंदी कमी वाटतील, पण त्या निवडून ठेवल्यात. प्रत्येक ‘नाही’ एकेक पर्याय मागे ढकलतो: दम नाही म्हणजे स्नायूच्या कमजोरीची शक्यता कमी, बीपी उतरत नाही म्हणजे उभं राहण्याची भोवळ नाही, डेल्टा लाट नाही म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू दिसत नाही. दम्याची ओळ बीटा-ब्लॉकर देण्याआधी त्यांना लागणारच आहे. घटना कितीदा होतात हेही त्यांना हवं असतं, कारण मॉनिटर त्यावरून निवडतात. रोज धडधड होणाऱ्याला २४ तासांचा होल्टर उपयोगी पडतो. महिन्यात दोनदाच काही घडत असेल तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये नेमकी ती घटना सापडायची शक्यता फार थोडी, आणि ‘होल्टर नॉर्मल’ हा कागद पुढे सगळ्यांना खोटा दिलासा देत फिरतो.

ईसीजीची मूळ पट्टी पाठवा आणि स्वतःकडे प्रत ठेवा. थर्मल कागद काही महिन्यांत फिकट होतो. फोटो काढताना कागद सपाट ठेवून, बाराही लीड आणि कडेची कॅलिब्रेशनची खूण येईल असा, वरून सरळ काढा. तिरक्या फोटोत चौकोन मोजता येत नाहीत.

पोहोचेपर्यंत

बीटा-ब्लॉकर स्वतःहून सुरू करू नका. या आजारात तेच मुख्य औषध आहे हे खरं, पण कोणतं आणि किती हे मॉनिटरखाली ठरवलेलं बरं. धडधडीसाठी अॅमिओडॅरोन तर अजिबात नको, ते क्यूटी आणखी लांबवतं. उलटीचं किंवा अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी पाहूनच द्या.

पेशंटने एकटीने जायचं नाही, वाहन चालवायचं नाही. आज दाखल झाली नाही आणि रात्र घरी काढावी लागली तर मोबाइल, गजर, दाराची बेल आवाज न होईल अशी ठेवायची. उठवायचं तर हळूच हात लावून. बाळाला घेऊन जिना चढू नये, अंघोळ एकटीने दार लावून करू नये. खोलीत दुसरं मोठं माणूस हवं, आणि छाती कशी दाबायची हे त्याला तुमच्याच दवाखान्यात उशीवर करून दाखवा: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शुद्ध गेली आणि श्वास नीट नाही असं दिसलं, की रुग्णवाहिकेला फोन लावून लगेच दाबायला लागायचं. फोन स्पीकरवर ठेवला तर हात मोकळे राहतात.

आणि मोजल्यावर क्यूटीसी ४४० च आला तर?

तरीही तीन आठवडे नकोत. या आजारात क्यूटी दिवसागणिक बदलतो आणि काही पेशंटच्या एका ईसीजीत तो मर्यादेतच असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. आडवं असताना एक पट्टी आणि झटकन उभं राहिल्याबरोबर दुसरी काढून दोन्ही पाठवता आल्या तर उत्तम, कारण नाडी वाढूनही क्यूटी आखडत नाही हे तिथे दिसू शकतं. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत मग ‘ईसीजी मर्यादेत, पण आडवं असताना, धडधडीपाठोपाठ, दोनदा बेशुद्धी’ असं लिहा. फोन तेव्हाही कराच. घाई त्या वाक्यामुळे ठरते, आकड्यामुळे नाही.

निदान पक्कं झालं, तर तज्ज्ञांचं उत्तर येईल तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट पाहा: घरच्यांच्या ईसीजीबद्दल काही लिहिलंय का. दोष बहुतेकदा पालकांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. उत्तरात तो उल्लेख नसेल तर तिची आई, वडील आणि भावंडं यांचे ईसीजी तुम्हीच काढून ठेवा आणि चार महिन्यांच्या बाळाचा ईसीजी काढण्यासाठी बालरोगतज्ज्ञांना वेगळी चिठ्ठी लिहा.